फोटोतलं आभाळ बदलताना : नाते गावातल्या एका फोटोची गोष्ट



गेल्या जुलैमध्ये आम्ही मुलांना घेऊन रायगडाच्या वाटेवर निघालो होतो. महाडहून गडाकडे जाताना चिंतामणराव देशमुखांचं जन्मगाव नाते लागतं. तिथे रस्त्याकडेला लावणी झालेली खाचरं होती, खाचरांत पाणी होतं आणि मागे उत्तरेकडचे डोंगर ढगात अर्धे बुडालेले. मुलांना बांधावर उभं करून मी मोबाइलने फोटो काढला. घरी आल्यावर पाहिलं तर मुलं छान, भात हिरवंगार, पण वरचं अर्धं आभाळ मळक्या चादरीसारखं करडं.

मग मी तेच केलं, जे आजकाल सगळे करतात. संगणकावर दोन मिनिटांत ते आभाळ काढून तिथे केशरी सूर्यास्त बसवला. दुसऱ्या दिवशी वर्गात मोठ्या कौतुकाने फोटो दाखवला. त्याच भागात राहणारा एक मुलगा लगेच म्हणाला, "सर, गडाच्या अंगाला कुठं सूर्य बुडतो? तो तर खाडीकडं बुडतो!"

वर्ग हसला आणि मला गप्प बसावं लागलं. मुलाचं अगदी बरोबर होतं. नात्याहून रायगड उत्तरेला येतो. आपल्याकडे सूर्य जास्तीत जास्त उत्तरेकडे सरकतो तो २१ जूनच्या सुमारास, आणि तेव्हाही तो पश्चिमेपासून साधारण २५ अंशच उत्तरेला मावळतो. थेट उत्तरेला तो कधीच जात नाही. मी भूगोलाच्या तासाला शिकवतो तेच माझ्या फोटोत चुकलं होतं.

आभाळ म्हणजे फोटोतला दिवा

आपण आभाळाला फोटोचा मागचा पडदा समजतो. खरं तर फोटोतल्या प्रत्येक वस्तूवरचा उजेड तिथूनच आलेला असतो. पावसाळी ढगातून उजेड सगळीकडून सारखा येतो, म्हणून माणसांच्या पायाशी ठळक सावल्या पडत नाहीत. माझ्या फोटोतही नव्हत्या. वर सूर्य बसवला, पण खाली एकाही मुलाची सावली नव्हती. दिवा बदलला आणि उजेड जुनाच राहिला.

हे कळल्यावर तो फोटो मी पुन्हा नीट पाहिला, तेव्हा आणखी तीन चुका सापडल्या.

पहिली, खाचरातलं पाणी. वर केशरी आभाळ आणि पाण्यात मात्र पांढुरकंच प्रतिबिंब. ओला डांबरी रस्ताही तसाच करडा चमकत होता.

दुसरी, डोंगरांची कड. पावसाळ्यात हवेत बाष्प असतं, म्हणून लांबचे डोंगर फिकट दिसतात आणि क्षितिजाजवळचं आभाळही फिकट असतं. फिकट डोंगराला लागून एकदम गडद रंग आला की कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

तिसरी, झाडांच्या फांद्या. पानापानांतून जुनं आभाळ डोकावत होतं आणि झाडाभोवती पांढरी किनार राहिली होती.

मग बदलायचंच नाही का?

तसं नाही. ही युक्ती फोटोग्राफीइतकीच जुनी म्हणता येईल. फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे फोटो काढले. त्या काळच्या काचा निळ्या उजेडाला फार लवकर प्रतिसाद द्यायच्या. समुद्र नीट यावा एवढा वेळ दिला की आभाळ पांढरं फटक व्हायचं. म्हणून काही चित्रांसाठी त्यांनी आभाळाची एक निगेटिव्ह आणि समुद्राची दुसरी घेतली आणि क्षितिजावर दोन्ही जोडल्या. आपल्या मोबाइलचीही अडचण थोडीफार तशीच आहे. चेहरे नीट यावेत म्हणून तो उजेड वाढवतो आणि ढगांचे आकार पुसले जातात.

म्हणून आधी एक सोपी गोष्ट करून बघा. फोटो संपादनात Highlights खाली आणा. ढगांच्या घड्या दिसू लागल्या तर आभाळ बदलण्याची गरजच नाही. तिथे नुसता सपाट पांढरा रंग राहिला, तर माहिती पुसली गेली आहे असं समजा. तरच पुढे जा.

दुसऱ्यांदा मी काय केलं

या वेळी आभाळ निवडताना एकच प्रश्न विचारला, या आभाळाखाली असा उजेड पडला असता का? सूर्य असलेली सगळी आभाळं त्यातच बाद झाली. काही दिवसांनी भर दुपारी गच्चीवरून उत्तरेकडे तोंड करून मी पावसाळी ढगांचे फोटो काढले. मोबाइल तोच ठेवला, झूम केलं नाही आणि क्षितिजही चौकटीत घेतलं. त्यामुळे ढगांचा आकार आणि खालचा फिकटपणा दोन्ही जुळले.

फोटोशॉपमध्ये ही सोय २०२० च्या शेवटी आली. फोटो उघडून Edit > Sky Replacement वर जायचं आणि स्वतःचं आभाळ निवडायचं. झाडांभोवती पांढरी किनार दिसली तर Shift Edge थोडं सरकवायचं. कड फार कापल्यासारखी वाटली तर Fade Edge वाढवायचं, पण बेतानेच, नाहीतर डोंगराची रेघच धुकट होते. मग Brightness आणि Temperature ने नवं आभाळ जुन्याच्या जवळ आणायचं. Output To मध्ये New Layers निवडलं की मूळ फोटोला धक्का लागत नाही आणि चूक नंतरही दुरुस्त करता येते.

पाण्याचं काम मात्र हातानेच करावं लागलं. नव्या आभाळाची एक प्रत घेऊन ती उभी उलटी केली, फक्त खाचराच्या पाण्यावर ठेवली आणि पुसट केली. प्रतिबिंब आभाळापेक्षा थोडं गडदच ठेवलं, कारण पाणी सगळा उजेड परत देत नाही. भाताच्या रोपांवरून ते खोडून काढायला अर्धा तास गेला. शेवटी फोटो शंभर टक्के मोठा करून झाडांची टोकं तपासली. लहान पडद्यावर जे लपतं ते इथे उघडं पडतं.

तयार फोटोत आभाळ करडंच आहे, पण त्यात ढग आहेत. वर्गात कुणी काही बोललं नाही. मग मीच सांगितलं की आभाळ दुसऱ्या दिवसाचं आहे.

कुठे थांबायचं

ते सांगण्यामागे कारण आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाडला पूर आला आणि त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली. त्या दिवसांच्या फोटोतलं काळं आभाळ हीसुद्धा नोंद आहे. कुणी ते सुंदर दिसावं म्हणून बदललं, तर उद्या तो फोटो पाहणाऱ्याला त्या दिवसाचं हवामान खोटंच कळेल. सहलीच्या आठवणीच्या फोटोत ढग बदलले तर फारसं बिघडत नाही. पण फोटो बातमी, प्रकल्प किंवा गावाची नोंद म्हणून जाणार असेल, तर आभाळाला हात लावू नये.

मुलांसोबत एक करून बघा. आभाळ बदललेला एक फोटो वर्गात दाखवा आणि तीन गोष्टी शोधायला सांगा : सावल्या कुठे पडल्यात, पाण्यात काय दिसतंय आणि कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं. दिशा ओळखायला गावातली मुलं आपल्यापेक्षा पुढे असतात, हे मी स्वतः शिकलो आहे.