विश्लेषण : हिशेब एका महिन्याचा, मग वाचन छत्तीस महिन्यांचे का?

समजा, एका वीज कंपनीच्या डेटाबेसमध्ये बिलभरण्याचा एकच तक्ता आहे. महिन्याला एक कोटी नोंदी, म्हणजे तीन वर्षांत ३६ कोटी. मार्च २०२४ ची वसुली विचारली तर उत्तर एक कोटी नोंदींतच आहे. पण ते शोधताना उरलेल्या ३५ कोटी चाळाव्या लागू नयेत, यासाठी तक्त्याचे ‘पार्टिशनिंग’ करतात.

तक्ता विभागतात कसा?

वापरणाऱ्याला तक्ता एकच दिसतो. आत त्याचे तुकडे असतात. तारखेप्रमाणे महिनावार तुकडे केले तर ते ‘रेंज’ पार्टिशनिंग. यात वरची मर्यादा तुकड्यात धरली जात नाही, त्यामुळे १ एप्रिलची नोंद एप्रिलमध्येच जाते. जिल्ह्यांची नावे ठरवून वाटणी केली तर ‘लिस्ट’. ग्राहक क्रमांकावर गणिती प्रक्रिया करून नोंदी साधारण सारख्या वाटल्या तर ‘हॅश’. पोस्टग्रेसमध्ये रेंज आणि लिस्टची थेट सोय २०१७ मध्ये दहाव्या आवृत्तीत आली, हॅशची पुढच्या वर्षी.

वाचन कमी कसे होते?

प्रश्नातली अट आणि तुकड्यांच्या मर्यादा डेटाबेस ताडून पाहतो आणि ज्यांत उत्तर असूच शकत नाही ते तुकडे उघडतही नाही. हेच ‘पार्टिशन प्रूनिंग’. पण त्यासाठी अट ज्या रकान्यावर विभागणी झाली त्याच रकान्यावर, सरळ रूपात हवी. गफलत होते ती इथेच. ही अट पाहा :

```
WHERE to_char(paid_on, 'YYYY-MM') = '2024-03'
```

उत्तर अचूक येते, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. मात्र तारीख फंक्शनमध्ये गुंडाळल्याने मर्यादांशी तुलना होत नाही आणि ३६ तुकडे वाचले जातात. तीच अट अशी लिहिली की एकच तुकडा वाचला जातो :

```
WHERE paid_on >= '2024-03-01'
  AND paid_on <  '2024-04-01'
```

खात्री कशी करायची?

प्रश्नाच्या आधी `EXPLAIN` लिहिले की कोणते तुकडे वाचले जाणार याची यादी मिळते. तिथे `bills_2024_03` एवढेच नाव दिसले तर प्रूनिंग झाले. छत्तीस नावे दिसली तर अट तपासावी. किंमत आयत्या वेळी कळणार असेल तर गाळणी प्रश्न चालवताना होते आणि `Subplans Removed: 35` अशी ओळ दिसते.

मर्यादा कोणत्या?

एखाद्या ग्राहकाने ‘माझी सगळी बिले दाखवा’ म्हटले, तर अटीत तारीखच नसते. मग ३६ तुकड्यांच्या ३६ इंडेक्समध्ये एकेकदा डोकवावे लागते. अखंड तक्त्यावर हेच काम एका इंडेक्सने झाले असते. ग्राहक क्रमांकावर हॅश केले असते तर हा प्रश्न एका तुकड्यात सुटला असता, पण मार्चची वसुली सगळ्या तुकड्यांत विखुरली असती. शिवाय हॅशमध्ये ‘क्रमांक ५००० ते ६०००’ अशी अट गाळणीला उपयोगी पडत नाही. तिथे नेमका क्रमांकच लागतो. त्यामुळे विभागणीचा रकाना निवडण्याआधी रोज कोणते प्रश्न विचारले जातात, त्यांची यादी काढलेली बरी. तक्त्यात कोट्यवधी नोंदी भरल्यावर तो बदलायचा, तर सारा डेटा नव्या तुकड्यांत हलवावा लागतो.