तारीख, विषय, पोच : एका मावशींच्या सातबाऱ्याची गोष्ट

चाकण पट्ट्यात भूसंपादनाची नोटीस निघते ती सातबाऱ्यावर ज्यांचं नाव आहे त्यांना. नाव नसलेली विधवा मोबदल्याच्या वेळी बाजूला पडते. खेड तालुक्यातल्या एका मावशींवर हीच वेळ येणार होती. पती वारल्यावर वारस नोंदीच्या फेरफारात त्यांचं आणि दोन मुलांचं नाव मंजूर झालं होतं. संगणकावरच्या सातबाऱ्यात मात्र फक्त मुलं दिसत होती.

हक्काबद्दल शंका नव्हती. हिंदू वारसा कायदा, 1956 बौद्धांनाही लागू आहे आणि त्यात विधवेचा वाटा मुलाइतकाच असतो. तरीही मावशींना दोन वर्षं ‘पुढच्या आठवड्यात या’ एवढंच ऐकायला मिळत होतं. तोंडी मागणीची नोंद कुठेच राहत नाही, म्हणून आम्ही त्यांना अर्ज लिहायला बसवलं.

पहिल्या मसुद्यात तीन पानं गाऱ्हाणं होतं, पण गट नंबर नव्हता. आम्ही समजावलं, “मावशी, साहेब बदलतात, कागद फायलीत राहतो. नव्या साहेबाला एका वाचनात काम कळलं पाहिजे.” रागाचं वाक्य असलं की उत्तर त्या वाक्याला मिळतं, मागणी तशीच राहते. मग त्यांनी स्वतःच्या हातानं तहसीलदारांना लिहिलं. वर तारीख, खाली विषय : ‘सातबाऱ्यातील लेखनप्रमाद दुरुस्त करणेबाबत’. मजकूर एवढाच : ‘मंजूर फेरफारात माझे नाव आहे, सातबाऱ्यावर आलेले नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 नुसार दुरुस्ती व्हावी, ही नम्र विनंती.’ त्यासोबत गट नंबर, फेरफार क्रमांक आणि दोन्ही उताऱ्यांच्या प्रती जोडल्या.

अर्जाच्या दोन प्रती नेल्या. एक कार्यालयात दिली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. हीच पोच. महिनाभर हालचाल झाली नाही, तेव्हा दुसरं पत्र ‘माझा दिनांक अमुकचा अर्ज, आवक क्रमांक अमुक’ असं सुरू झालं. आता अर्ज आलाच नाही असं कुणाला म्हणता येईना. पुढे मुलांना नोटीस गेली, त्यांनी हरकत नसल्याचा जबाब दिला, तहसीलदारांचा आदेश झाला आणि मावशींचं नाव सातबाऱ्यावर आलं.

कार्यकर्त्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. फेरफार आणि सातबारा शेजारी ठेवून वाचा. फेरफारात नाव असून सातबाऱ्यावर नसेल, तर ती लेखनचूक आहे आणि कलम 155 चा अर्ज चालतो. फेरफारातूनच विधवेचं नाव गाळलं असेल, तर तो हक्काचा वाद ठरतो. तिथे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावं लागतं आणि त्याला मुदत असते. चुकीच्या दारात अर्ज दिला तर ती मुदत निघून जाते.

मावशींनी पोच घेतलेल्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारखेच्या क्रमानं ठेवल्या आहेत.