जाहिरातीतल्या अकरा अटी आणि पत्रातल्या दोन

नोकरीची जाहिरात सहसा एकाच माणसाने लिहिलेली नसते. अर्धा मजकूर मनुष्यबळ विभागाच्या जुन्या साच्यातून येतो आणि उरलेली चार-पाच वाक्ये ज्याला खरोखर माणूस हवा आहे त्या टीमप्रमुखाची असतात. अर्जासोबतचे पत्र त्या चार-पाच वाक्यांना उत्तर द्यायला लिहायचे असते. आमच्या टीमसाठी आलेले अर्ज मी गेली काही वर्षे चाळतो आहे. बहुतेक पत्रे साच्यालाच उत्तर देतात, म्हणजे 'मी मेहनती आहे, टीममध्ये मिसळून काम करतो' वगैरे.

इंदूरच्या माझ्या मावसबहिणीचेच उदाहरण घेऊ. रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत तिला तीन वर्षे झाली होती. इथे हैदराबादेत औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी प्रणाली बनवणाऱ्या एका कंपनीची जाहिरात तिने मला पाठवली आणि विचारले, "दादा, यात अकरा अटी आहेत. एका पानात सगळ्यांबद्दल कसं लिहू?"

अटी अशा होत्या: बीई किंवा समकक्ष पदवी, दोन ते चार वर्षांचा अनुभव, पायथॉन व जँगो, पोस्टग्रेस ('विशेषतः संथ क्वेरी सुधारण्याचा अनुभव'), डॉकर, क्लाउड, गिट, तांत्रिक नसलेल्या वापरकर्त्यांशी संवाद, संघभावना, दबावाखाली काम करण्याची तयारी आणि रिअॅक्ट येत असल्यास प्राधान्य.

आधी आम्ही त्याच कंपनीच्या आणखी दोन जागांच्या जाहिराती उघडल्या. संघभावना, दबाव, गिट आणि क्लाउड तिन्हींत शब्दशः सारखेच होते. तो साचा, म्हणून ते बाजूला ठेवले.

मग दाराशी तपासल्या जाणाऱ्या अटी वेगळ्या केल्या: पदवी, वर्षे, पायथॉन. त्या नसतील तर अर्ज पुढे जात नाही, पण त्या असल्यामुळे कुणी निवडतही नाही, कारण आत आलेल्या सगळ्यांकडे त्या असतातच. त्यांना पत्रात एक ओळ पुरते, बाकी बायोडेटा सांगतो. डॉकरही बायोडेटात दिसतेच आणि रिअॅक्ट तर फक्त 'असल्यास' होते.

उरल्या दोन. त्या खऱ्या आहेत का, हे पाहायला जाहिरातीचा वरचा भाग, म्हणजे 'कामाचे स्वरूप', वाचायचा. तिथे पहिलेच काम होते 'महिनाअखेरचे बिलांचे अहवाल जलद करणे' आणि दुसरे 'गोदामातील कर्मचाऱ्यांच्या अडचणी समजून दुरुस्त्या करणे'. अट आणि काम एकमेकांशी जुळले की समजावे, इथे कुणाचे तरी काम अडले आहे. 'विशेषतः' हा शब्दही साच्यातला नव्हता, तो कुणीतरी मुद्दाम घातला होता.

तिसरे काम होते जुनी प्रणाली बंद न ठेवता नव्या आवृत्तीवर नेण्याचे. तेही महत्त्वाचेच, पण तिने ते कधी केले नव्हते, म्हणून पत्रात त्याचा उल्लेख केला नाही. जी गरज महत्त्वाची आहे आणि जिच्याबद्दल आपल्याकडे घडलेला प्रसंग आहे, तीच आधी घ्यावी.

पत्र अर्थात इंग्रजीत गेले. त्यातला पहिला परिच्छेद साधारण असा होता: 'आपल्याला महिनाअखेरचे अहवाल जलद करायचे आहेत. आमच्या रुग्णालयाच्या बिलिंगमध्ये मासिक अहवाल उघडायला ४० सेकंद लागत. EXPLAIN ANALYZE चालवल्यावर दिसले की दर वेळी संपूर्ण टेबल वाचले जात आहे. विभाग आणि तारीख यांवर मिळून एक इंडेक्स केल्यावर तो ३ सेकंदांत उघडू लागला.' दुसऱ्या परिच्छेदात बिलिंग काउंटरवरच्या बायकांशेजारी बसून तिने पावती रद्द करण्याची पायरी कशी सोपी केली, ते होते. पदवी आणि वर्षे शेवटच्या ओळीत आली.

मुलाखतीचा पहिला प्रश्न पत्रातूनच निघाला: "इंडेक्स केल्यावर नवीन बिल नोंदवायला जास्त वेळ लागू लागला का?" तिने तो मोजला होता, त्यामुळे उत्तर तयार होते. पत्रात पुढे लिहिलेल्या गोष्टीवरच खोदून विचारतात. म्हणून जिच्याबद्दल आणखी दहा मिनिटे बोलता येईल, अशीच गोष्ट तिथे असावी.

या वाचनाला मर्यादाही आहेत. नुसत्या क्रमावर विसंबू नये, कारण पुष्कळदा साचाच वर असतो. प्लेसमेंट एजन्सीच्या जाहिरातीत कामाचे स्वरूप दोन ओळींत उरकलेले असते. तिथे एजन्सीला फोन करून 'रुजू झाल्यावर पहिले काम कोणते?' असे विचारावे आणि मिळालेल्या उत्तरावर पत्र बेतावे. सरकारी भरतीत वय, शिक्षण, प्रमाणपत्रे आणि परीक्षा यांचे नियम ठरलेले असतात, तिथे पत्राची कारागिरी कामाची नाही.

पत्र तयार झाले की पहिला परिच्छेद दुसऱ्याच एखाद्या कंपनीच्या जाहिरातीशेजारी ठेवून वाचा. तिथेही तो तसाच चपखल बसत असेल, तर जाहिरात अजून नीट वाचून झालेली नाही.