पडद्यावरचे वाचन बोलण्यासारखे कसे वाटेल?

अनेक पेढ्यांचे मालक आता कॅमेऱ्यासमोर बसून ग्राहकांशी बोलतात. कॅमेऱ्याच्या भिंगापुढील तिरप्या काचेवर मजकूर सरकत असतो. या यंत्राला टेलिप्रॉम्प्टर म्हणतात. तरीही मालक वाचून दाखवत आहेत, हे ग्राहकाला चटकन कळते. याचे कारण बहुधा लेखनात असते.

मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते. लांब वाक्यात तिथे पोहोचेपर्यंत श्वास संपतो आणि नेमका महत्त्वाचा शब्द दबक्या आवाजात निघतो. सोन्याच्या पेढीसाठी लिहिलेले हे वाक्य पाहा : ‘बावीस कॅरटचा दागिना घेताना त्यावर मानक ब्युरोचे चिन्ह, ९१६ हा शुद्धतेचा आकडा व सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असल्याची खात्री ग्राहकांनी बिल करण्यापूर्वी भिंगातून करून घ्यावी.’ छापील पत्रकात ते शोभते. एका दमात बोलता येत नाही. तेच पडद्यासाठी असे लिहावे :

बावीस कॅरटचा दागिना घेताना / तीन खुणा पाहा. //
पहिली, / मानक ब्युरोचे चिन्ह. //
दुसरी, / शुद्धतेचा आकडा, / नऊ एक सहा. //
तिसरी, / सहा अक्षर-अंकांचा / एचयूआयडी. //
बिल करण्यापूर्वी / या तिन्ही खुणा / भिंगातून पाहून घ्या. //

एक तिरकी रेघ म्हणजे क्षणभर थांबणे. तिथे श्वास घ्यायचा नाही. दोन रेघा म्हणजे अर्थ पूर्ण झाला, आता श्वास घ्यावा. श्वासाची जागा अंदाजाने ठरवू नये. बोलणाऱ्याने मजकूर मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने त्याचा श्वास जिथे आपोआप घेतला जातो तिथे खूण करावी. ती जागा अर्थाच्या मध्येच आली, तर खूण न हलवता वाक्यच तोडावे. ‘बिल’ आणि ‘करण्यापूर्वी’ यांसारखे जोडून बोलायचे शब्द दोन ओळींत विभागू नयेत. नाहीतर ओळ संपताच आवाज अडखळतो.

इंग्रजीत जोर दाखवण्यासाठी मोठी अक्षरे वापरतात. देवनागरीत ती सोय नाही. म्हणून शब्द ठळक करावा किंवा त्याखाली रेघ ओढावी. एका श्वासात असा एकच शब्द असावा. सगळेच ठळक केले, तर बोलणारा प्रत्येक शब्द ठासून म्हणतो आणि ग्राहकाच्या मनात एकही राहत नाही. आकडा जसा उच्चारायचा तसाच अक्षरांत लिहावा. ‘९१६’ समोर आला, की ‘नऊशे सोळा’ म्हणावे की ‘नऊ एक सहा’, या विचारात जीभ थबकते.

चित्रीकरणानंतर डोळे मिटून ध्वनी ऐकावा. श्वास ओढल्याचा आवाज वाक्याच्या मध्ये आला, तर ते वाक्य लांब आहे. मग आवाज बंद करून चित्र पाहावे. डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना दिसले, तर ओळी रुंद आहेत. पडदा चालवणाऱ्याने मात्र बोलणाऱ्याच्या मागे राहावे. मजकूर पुढे धावू लागला, की सर्व खुणा व्यर्थ ठरतात.