कोसळण्याआधीचा कंप

चार पंख्यांचा ड्रोन हवेत सरळ ठेवण्यासाठी त्याच्या फ्लाइट कंट्रोलरमध्ये पी, आय आणि डी असे तीन गेन भरावे लागतात. ते बसवताना ड्रोन पडतो तेव्हा ‘आकडा चुकला’ असे म्हणण्याची पद्धत आहे. मला हे निदान अपुरे वाटते. गेनचा सुरक्षित आणि धोक्याचा प्रदेश यांच्यामध्ये एक सीमा असते, पण ती एका जागी थांबत नाही. बॅटरी भरलेली असताना ती जवळ येते, फिल्टर चुकीचा असेल तर आणखी जवळ येते. म्हणून ट्यूनिंगचे खरे काम आधी ही सीमा स्थिर करण्याचे आहे आणि मग परतीची वाट उघडी ठेवून तिच्याजवळ जाण्याचे. हे दाखवायला साडेचारशे मिलिमीटरच्या सांगाड्याचा, दहा इंची पंख्यांचा, चार सेलच्या बॅटरीवर उडणारा आणि आर्डूकॉप्टर हे सॉफ्टवेअर चालवणारा ड्रोन घेऊ.

त्यात नियंत्रणाच्या दोन पायऱ्या एकात एक बसवलेल्या असतात. बाहेरची पायरी कोन पाहते. ड्रोन दहा अंश कलला असेल आणि `ATC_ANG_RLL_P` हा गेन ४.५ असेल, तर ती आतल्या पायरीला सांगते, ‘सेकंदाला ४५ अंश या वेगाने परत फिर.’ तो वेग प्रत्यक्षात आणणे हे आतल्या पायरीचे काम, आणि पी, आय, डी तिथेच असतात. मागितलेला आणि प्रत्यक्ष वेग यांतल्या फरकाच्या प्रमाणात पी जोर लावतो. तो फरक किती झपाट्याने बदलतो आहे हे पाहून डी लगाम घालतो. बाजूला सरकलेल्या बॅटरीसारखी कायमची ओढ आय हळूहळू भरून काढतो. आतली पायरी डळमळीत असताना बाहेरची सुधारायला जाणे व्यर्थ आहे, त्यामुळे बाहेरचा गेन शेवटपर्यंत आहे तसाच ठेवावा.

सीमा सरकवणाऱ्या गोष्टींपैकी सर्वांत दुर्लक्षित आहे बॅटरी. चार सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भरल्यावर १६.८ व्होल्ट देते आणि उतरल्यावर १३.२ च्या आसपास येते. पंख्याचा जोर साधारणपणे व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो असे धरले, तर दोन्ही टोकांतला फरक १.६ पटींचा होतो. याचा अर्थ असा की उतरत्या बॅटरीवर नीट बसवलेला गेन नव्या बॅटरीवर सुमारे साठ टक्के वाढवल्यासारखा वागतो. आदल्या संध्याकाळी शांत उडालेला ड्रोन सकाळी जमीन सोडताच थरथरू लागतो तेव्हा हे कारण तपासून पाहावे. `MOT_BAT_VOLT_MAX` मध्ये 16.8 आणि `MOT_BAT_VOLT_MIN` मध्ये 13.2 भरले की सॉफ्टवेअर हा फरक स्वतःच भरून काढते. एकही गेन हलवण्याआधी ही नोंद झालीच पाहिजे.

दुसरी गोष्ट फिल्टरची. डी हा बदलाच्या वेगावर चालत असल्यामुळे कंप जितका जलद, तितका तो अधिक फुगवतो. असे पंखे मिनिटाला ५,४०० फेरे घेत असतील तर सांगाड्यात ९० हर्ट्झचा कंप असतो. ड्रोनची खरी हालचाल पाच हर्ट्झची धरली, तर तेवढ्याच आकाराचा हा निरुपयोगी कंप डीला अठरापट मोठा दिसतो. त्याच्यामागे धावताना मोटरी तापतात. मग फिल्टर वाटेल तेवढा कडक का करू नये? कारण प्रत्येक फिल्टर उशीर करतो. डीवरचा २० हर्ट्झचा साधा फिल्टर सुमारे आठ मिलिसेकंद घेतो, आणि उशिरा आलेला लगाम झोका थांबवण्याऐवजी वाढवू शकतो. दहा इंची पंख्यांसाठी `INS_GYRO_FILTER` ४० आणि `ATC_RAT_RLL_FLTD` त्याच्या निम्मा, म्हणजे २०, ही सुरुवात योग्य आहे. पंख्यांचा ठरावीक कंप नेमका कापण्यासाठी `INS_HNTCH_ENABLE` ने चालू होणारा नॉच फिल्टर वापरावा. त्यात उशीर कमी लागतो.

आता गेन. आधी डी, मग पी, असा माझा आग्रह आहे. डी कमी असताना पी वाढवला तर ड्रोन लवकर झोके घेऊ लागतो आणि आपण पीची मर्यादा खरीपेक्षा कमी ठरवतो. नंतर डी बदलला की पीचे काम पुन्हा करावे लागते. पण डी वाढवण्यासाठी उतरा, आकडा बदला, पुन्हा उडवा असे करू नये. त्यात नवा आकडा पहिल्यांदा कसाला लागतो तो उड्डाणाच्या क्षणी, जमिनीलगत, जिथे सावरायला उंचीच नसते. त्यापेक्षा रिमोटवर ट्यूनिंगसाठी नेमलेल्या नॉबला तो गेन जोडावा:

```
TUNE      21
TUNE_MIN  0.0036
TUNE_MAX  0.0126
```

इथे २१ म्हणजे रोल आणि पिचचा डी. खालचे टोक हा मूळ आकडा, ज्यावर ड्रोन आधीच नीट उडतो आहे. वारा नसताना, माणसांपासून दूर, चार-पाच मीटर उंचीवर नॉब सावकाश वर न्यावा आणि प्रत्येक टप्प्यावर काठीला छोटा झटका देऊन पाहावे. थरथर दिसली तर पहिली हालचाल एकच: नॉब पूर्ण खाली. थ्रॉटल एकदम तोडू नये, कारण त्याने उंची जाते आणि सावरायची ताकदही.

समजा, डी टप्प्याटप्प्याने दीडपट करत ०.००३६ वरून ०.००५४, ०.००८१ आणि मग ०.०१२१ झाला आणि तिथे थरथर आली. नॉब खाली नेऊन सावरल्यावर, त्याच आकड्यापासून दहा-दहा टक्क्यांनी कमी करून पाहताना ती ०.००९८ ला थांबली. त्यातून आणखी पंचवीस टक्के कमी करून ०.००७४ कायम करावा. मग `TUNE` मध्ये ४ भरून, दोन्ही टोकांचे आकडे बदलून, हीच रीत पीला लावावी. ०.१३५ पासून निघून ०.३०४ ला झोके आले आणि ०.२४६ ला थांबले, तर ०.१८५ घ्यावा. आयसाठी वेगळा शोध लागत नाही. रोल आणि पिचमध्ये तो पीइतकाच ठेवला की बहुतेक वेळा भागते.

कोणता गेन जास्त झाला हे झोक्याच्या वेगावरून कळते. डी वाढला की जलद, बारीक थरथर येते आणि डोळ्याआधी कानाला मोटरींचा आवाज खरखरीत लागतो. पी वाढला की सेकंदाला साधारण चार-पाच मोठे हेलकावे दिसतात. पण डोळा आणि कान दोन्ही उशिरा जागे होतात. लॉगमधल्या `PIDR` नोंदीत `Tar` म्हणजे मागितलेला वेग आणि `Act` म्हणजे प्रत्यक्ष वेग यांचे आलेख एकावर एक ठेवावेत. प्रत्यक्ष वेग मागणी ओलांडून परत फिरतो आणि दर झोका आधीच्यापेक्षा सावकाश विरतो, हे तिथे बरेच आधी दिसते. ड्रोन एका जागी शांत तरंगत असूनही डीची रेघ दाट आणि जाड असेल, तर दोष फिल्टरचा किंवा सैल पंख्याचा समजावा आणि गेन वाढवणे थांबवावे.

यावर एक आक्षेप सहज येतो: ड्रोन दोरीने बांधून किंवा स्टँडवर अडकवून ट्यून केला तर पडण्याचा प्रश्नच उरत नाही. पडत नाही हे खरे, पण तिथे मोजले जाते ते दुसरेच यंत्र. स्टँडच्या सांध्यातले घर्षण झोके विरवते, त्यामुळे तिथे शांत वाटलेला गेन हवेत झोके घेऊ शकतो. दोरी तिरपी ओढते तेव्हा आय त्या ओढीशी लढत साठत जातो. मोटरींची दिशा आणि पंख्यांची बाजू तपासायला स्टँड उत्तम, सीमा शोधायला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आर्डूकॉप्टरमध्ये ऑटोट्यून असताना हाताने हे का करायचे? मी ऑटोट्यूनच्या विरोधात नाही. तो स्वतः झटके देऊन प्रतिसाद मोजतो आणि हे काम माणसापेक्षा अधिक सातत्याने करतो. पण तो उडण्याजोग्या ड्रोनवरून सुरुवात करतो, आणि गायरोत कंप भरलेला असेल तर मोजणार तोच कंप. म्हणजे बॅटरी आणि फिल्टरची कामे टळत नाहीत. वरच्या रीतीने अर्धी वाट चालून, मग ऑटोट्यूनला उरलेले काम देणे हा मला सर्वांत शहाणा मार्ग वाटतो.

तिसरी वाट जुन्या पाठ्यपुस्तकातली. झिग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या एका पद्धतीत गेन अखंड झोके येईपर्यंत वाढवतात आणि तो आकडा आणि झोक्याचा कालावधी यांवरून गेन काढतात. कारखान्यातल्या तापमानाला काही झोके परवडतात. ड्रोनच्या मोटरी मात्र पूर्ण जोराला किंवा शून्याला टेकल्या की उरलेल्या दुरुस्तीला जागाच नसते. म्हणून इथे सीमेला स्पर्श होताच मागे यायचे असते, तिथे मुक्काम करायचा नसतो.

पंचवीस टक्क्यांची मोकळीक पुरते का, हे एका जागी तरंगण्यावरून ठरवू नका. पूर्ण भरलेली बॅटरी लावून एकदा जोरात वर चढा आणि एकदा संथपणे खाली उतरा. चढताना थरथर आली तर गेनला हात लावण्याआधी `MOT_THST_EXPO` तपासा, कारण थ्रॉटल आणि जोर यांचे नाते चुकीचे भरले असेल तर सीमा थ्रॉटलबरोबर सरकते. दोन्ही चाचण्या शांत गेल्या की नॉबची जोडणी तोडून `TUNE` मध्ये ० भरा, आकडे फाइलमध्ये जपून ठेवा, आणि पंखे किंवा बॅटरीचे वजन बदलले तर पुन्हा डीपासून सुरुवात करा.