एकीचे हाड वाचवायला किती जणींना औषध?

न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठाचे इयान रीड आणि सहकाऱ्यांनी ६५ वर्षे व त्यावरील, हाडांची घनता घटलेल्या २,००० स्त्रियांवर झोलेड्रोनेट हे औषध तपासले. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या जणींना ते दर अठरा महिन्यांनी शिरेतून चार वेळा दिले, बाकीच्यांना नुसते सलाईन. सहा वर्षांत सलाईनच्या गटात १९० जणींचे हाड ठिसूळपणामुळे मोडले, औषधाच्या गटात १२२ जणींचे.

म्हणजे धोका ३६ टक्क्यांनी घटला. पण प्रत्यक्षात हजारात ६८ जणी वाचल्या. १,००० ला ६८ ने भागले की साधारण १५ येतात. हीच ‘उपचारसंख्या’: पंधरा जणींनी सहा वर्षे उपचार घेतले, तर एकीचे हाड मोडणे टळते. उरलेल्यांपैकी सुमारे बारा जणींचे एरवीही मोडले नसते आणि दोघींचे औषध घेऊनही मोडते.

हा आकडा मूळ धोक्यावर अवलंबून असतो. शंभरात पाचच जणींना धोका असेल, तर ३६ टक्के घट तीच राहूनही उपचारसंख्या ५६ च्या आसपास जाते. म्हणून डॉक्टरांना विचारावे: माझ्यासारख्या किती जणींमागे एकीला, किती वर्षांत फायदा होतो?