एका भट्टीत दोन कंट्रोलर

पोलादाचे भाग कडक केले की ते ठिसूळही होतात. तो ठिसूळपणा कमी करण्यासाठी ते पुन्हा, पण कमी तापमानाला तापवतात. या कामाला टेम्परिंग म्हणतात. त्यासाठीची विजेची भट्टी लांब असेल तर तिचे बहुधा दोन किंवा अधिक झोन पाडलेले असतात. आपण दोन झोनची भट्टी घेऊ: एक झोन दाराकडचा, दुसरा मागचा. दाराकडून उष्णता जास्त निसटते, म्हणून तिथे वीजही जास्त द्यावी लागते. त्यामुळे प्रत्येक झोनला स्वतःचे हीटर, तापमान मोजणारे स्वतःचे थर्मोकपल आणि स्वतंत्र कंट्रोलर असतो. दोन्ही कंट्रोलरना एकच हुकूम असतो: तापमान 550 अंशांवर ठेवा.

भानगड अशी की कंट्रोलर दोन असले तरी भट्टी एकच असते. मधे भिंत नसते. आत फिरणारी गरम हवा आणि तापलेल्या भिंतींचे उत्सर्जन ही झोनची रेघ जुमानत नाहीत. पुढच्या हीटरची बरीच उष्णता मागच्या थर्मोकपलपर्यंत पोचते आणि मागच्याची पुढे येते. हे कंट्रोलरला ठाऊक नसते. तापमान वाढले, एवढेच त्याला दिसते. ते आपल्या विजेने वाढले की शेजाऱ्याच्या, हे त्याला कळत नाही.

हे प्रकरण किती गंभीर आहे, ते मोजता येते. भट्टी 550 अंशांवर स्थिर करायची आणि दोन्ही कंट्रोलर मॅन्युअलवर टाकायचे, म्हणजे वीज आपण ठरवू तेवढीच राहते. समजा, त्या वेळी पुढच्या हीटरला 40 टक्के आणि मागच्याला 35 टक्के वीज लागते आहे. आता फक्त पुढची वीज 5 टक्क्यांनी वाढवायची आणि तापमान पुन्हा स्थिर होईपर्यंत थांबायचे. पुढचा झोन 30 अंशांनी चढला आणि मागचा, त्याच्या विजेला हात न लावताही, 18 अंशांनी चढला. वीज पूर्ववत करून भट्टी पुन्हा 550 वर येऊ द्यायची आणि तोच प्रयोग मागच्या हीटरवर करायचा. मागचा झोन 25 अंश चढला, पुढचा 15. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण उघड्या भट्टीत न शोभणारे नाहीत.

या चार आकड्यांतच सगळे दुखणे दिसते. पुढचा झोन एकटा असता, तर 1 टक्का विजेमागे त्याचे तापमान 6 अंशांनी वाढते. पण दार उघडून माल आत गेला की दोन्ही झोन थंड होतात आणि दोन्ही कंट्रोलर एकदमच वीज वाढवतात. तेव्हा पुढच्याला स्वतःचे 6 आणि शेजाऱ्याचे 3 असे 9 अंश मिळतात. अपेक्षेच्या दीडपट. तापमान 550 ओलांडून जाते, दोघेही एकदम वीज तोडतात आणि मग ते दीडपट वेगाने खाली येते. ट्रेंडवर दोन्ही रेघा जोडीने वरखाली झुलताना दिसतात. उलट, एका झोनला चढायचे आणि दुसऱ्याला उतरायचे असेल, तर एकाची वाढलेली वीज आणि दुसऱ्याची घटलेली वीज एकमेकींना खातात. पुढच्याच्या पदरी 6 वजा 3, म्हणजे 3 अंशच पडतात. म्हणून दोन झोनमधला फरक मिटायला फार वेळ लागतो. एकाच हीटरचा जोर कधी 9, कधी 3. मग कंट्रोलरचे सेटिंग करायचे कोणत्या जोरासाठी? झुलणे थांबवावे म्हणून ते मंद केले, तर फरक मिटायला आणखी उशीर होतो.

दोष खरोखर याचाच आहे का, हे ओळखण्याची सोपी खूण आहे. एक कंट्रोलर मॅन्युअलवर टाका. तेवढ्याने दुसऱ्या झोनचे झुलणे थांबले आणि परत ऑटोवर घेताच सुरू झाले, तर दोन लूपची ओढाताण चालू आहे. एकटा असतानाही तो झुलत असेल, तर दोष त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, थर्मोकपलमध्ये किंवा हीटरच्या स्विचिंगमध्ये शोधावा.

ओढाताणीवरचा उपाय म्हणजे डीकपलिंग. पुढच्या कंट्रोलरने वीज वाढवली की तिच्यामुळे मागे जेवढी उष्णता पोचणार, तेवढी वीज मागच्या हीटरमधून त्याच क्षणी कमी करायची. मागचे तापमान बिघडण्याची वाट पाहायची नाही. किती कमी करायची, हे मघाच्या मोजणीतूनच निघते. पुढच्या 5 टक्क्यांनी मागे 18 अंश दिले. मागच्या स्वतःच्या 5 टक्क्यांनी 25 दिले. 18 भागिले 25, म्हणजे 0.72. उलट दिशेने 15 भागिले 30, म्हणजे 0.50. पीएलसीमध्ये यासाठी दोनच ओळी लागतात:

```
u1 = 40 + v1 - 0.50 * v2
u2 = 35 + v2 - 0.72 * v1
```

इथे `v1` आणि `v2` म्हणजे दोन कंट्रोलरनी मागितलेली वाढ किंवा घट, तर `u1` आणि `u2` म्हणजे हीटरना प्रत्यक्ष दिलेली वीज. पुढचा झोन 10 अंशांनी चढवायचा आहे असे धरू. हिशोबाने `v1` सुमारे 2.6 होतो. पुढची वीज 2.6 टक्क्यांनी वाढते, मागची जवळपास 1.9 टक्क्यांनी घटते. मागच्या झोनला पुढून 9.4 अंश येतात आणि स्वतःकडून तेवढेच कमी होतात, म्हणून तो जागचा हलत नाही. पुढच्याला स्वतःचे 15.6 मिळतात आणि मागून 5.6 कमी होतात, उरतात 10.

आता पुढच्या कंट्रोलरला 1 टक्क्यामागे नेहमी 3.84 अंशच मिळतात, शेजारी काहीही करो. मागच्यालाही तसेच, 3.2. जोर ठरलेला असल्याने सेटिंग एकदा नीट करता येते. मात्र तो पूर्वीच्या 6 पेक्षा कमी आहे, म्हणून कंट्रोलरचा गेन 6 भागिले 3.84, म्हणजे सुमारे 1.56 पटीने वाढवावा लागतो. हीच संख्या रिलेटिव्ह गेन म्हणूनही ओळखली जाते. ही मोजपट्टी एडगर ब्रिस्टल यांनी 1966 साली मांडली. संख्या 1 च्या जवळ असेल, तर डीकपलिंगची गरजच नाही. ती खूप मोठी असेल, तर दोन्ही हीटर जवळजवळ एकच काम करत आहेत. अशा वेळी मोजणीतली बारीक चूकही दुरुस्ती उधळून लावते. तिथे गणित बाजूला ठेवून झोनच्या मधे आडोसा घालावा किंवा थर्मोकपल सीमेपासून दूर हलवावे.

आणखी एक अडचण वेळेची. स्वतःच्या हीटरची ऊब थर्मोकपलला लवकर कळते, शेजाऱ्याची उशिरा पोचते. दुरुस्ती मात्र तत्काळ होते. त्यामुळे पुढचा झोन चढवताना मागचा आधी थोडा खाली जातो आणि मग सावरतो. अशी बुडी दिसली, तर दुरुस्तीच्या वाटेत एक साधा लॅग फिल्टर घालून ती तेवढी लांबवावी. बुडीऐवजी फुगवटा दिसला, तर दुरुस्ती उशिरा किंवा अपुरी पोचते आहे.

मर्यादा दोन. हीटरची वीज शून्याखाली जात नाही आणि 100 टक्क्यांवर चढत नाही. थंड भट्टी तापवताना दोन्ही हीटर पूर्ण वीज घेत असतात, तेव्हा दुरुस्तीला वावच नसतो. ती 550 अंश जवळ आल्यावरच चालू करावी. दुसरे, रिकाम्या भट्टीतले गुणक मालाने भरलेल्या भट्टीला लागू पडत नाहीत आणि 300 अंशांवरचे 550 वर टिकत नाहीत, कारण तापमान वाढेल तसा उत्सर्जनाचा वाटा झपाट्याने वाढतो. म्हणून मोजणी नेहमीच्या मालासह, नेहमीच्या तापमानालाच करावी. गुणकही पूर्ण न लावता आधी तीन चतुर्थांश लावून पाहावेत. त्यानंतर पुढचा सेटपॉइंट 10 अंशांनी बदलायचा आणि मागची रेघ बघायची. ती एक-दोन अंशांपलीकडे हलली नाही, तर गुणक तिथेच ठेवावेत. त्यापुढची बारीक दुरुस्ती दोन्ही कंट्रोलर आपली आपण करतात.